गुड मॉर्निंगचं चित्र की खरी हाक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी आलेलं चित्र ही नुसती सवय आहे, की पाठवणाऱ्याला खरंच आपल्याशी बोलायचंय, हे कसं ओळखायचं? त्याबद्दलचे खालचे बहुतेक प्रश्न मला कुणी ना कुणी फोनवर विचारलेले आहेत. एकदोन मी स्वतःलाच विचारलेत, तेही उशिरा. सगळं लिहिताना व्हॉट्सॲप डोळ्यासमोर आहे, कारण ही चित्रं मुख्यतः तिथेच फिरतात.

चित्रावर फॉरवर्डचा बाण दिसला, म्हणजे विषय संपला ना?

निम्मा संपला. `Forwarded` ही खूण जुलै 2018 पासून दिसते. ती एवढंच सांगते की पाठवणाऱ्याने हे स्वतः तयार केलेलं नाही, कुठून तरी आलेलं पुढे ढकललंय. दुहेरी बाण आणि `Forwarded many times` असं असेल, तर ते चित्र तुमच्यापर्यंत येण्याआधी निदान पाच हातांतून पुढे सरकलेलं असतं.

पण चित्र कुठून आलं हा एक प्रश्न आणि तुम्हाला का पाठवलं हा दुसरा. बाण फक्त पहिल्याचं उत्तर देतो. पावसात भिजलेल्या मांजराचं चित्र हजार लोकांनी पुढे पाठवलेलं असू शकतं, आणि तरीही माझ्या भाचीने ते मला पाठवलं कारण आमच्या घरी तसलंच एक मांजर होतं. तिथे बाण असून नसल्यासारखा.

यात एक गंमत आहे. जानेवारी 2019 पासून जगभर एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येतं, आणि एप्रिल 2020 पासून दुहेरी बाणवालं चित्र एका वेळी एकाच चॅटला. म्हणजे तसं चित्र तुम्हाला आलं, तर समोरच्याने तुमचं नाव वेगळं शोधून निवडलेलं असतं. यावरून कुणी फार हळवं होऊ नये. रोज पंधरा जणांना एकेक करून पाठवणारी नेटाची माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा अंगठा ते काम डोक्याला न विचारता करतो.

बाण नाहीये. मग ते खास माझ्यासाठी पाठवलंय का?

इथेच बरेच जण फसतात. बाण नसण्याची तीन साधी कारणं आहेत. एक, चित्र आधी गॅलरीत उतरवून घेतलं आणि तिथून नव्याने पाठवलं. दोन, चित्रांच्या एखाद्या ॲपमधून थेट शेअर केलं. आणि तीन, ब्रॉडकास्ट यादी.

ब्रॉडकास्ट यादी थोडी समजून घ्या. एका यादीत 256 जणांपर्यंत नावं घालता येतात. पाठवणारा एकदाच पाठवतो, पण प्रत्येकाला ते आपापल्या खाजगी चॅटमध्ये, अगदी एकट्यालाच आल्यासारखं दिसतं. इतर कुणाला गेलंय हे तुम्हाला दिसत नाही. तुम्ही उत्तर दिलंत तर ते फक्त त्या एकाला जातं. त्यामुळे ‘सुप्रभात, तुमचा दिवस आनंदात जावो’ असं बाणाशिवाय, नीटनेटकं, स्वतंत्र चॅटमध्ये आलेलं वाक्यही दोनशे जणांचं असू शकतं. ‘तुमचा’ या शब्दावर भाळू नका. तो सगळ्यांनाच लागू पडतो, म्हणून तर वापरलेला असतो.

मग ओळखायचं तरी कशावरून?

चित्राकडे बघून पूर्ण कळत नाही. ते आल्यानंतर काय होतं त्यावरून कळतं.

संभाषणाचा अभ्यास करणारे इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी 1968 मध्ये फोनवरच्या बोलण्याची सुरुवात कशी होते याबद्दल एक फार साधी गोष्ट मांडली. कुणी आपल्याला हाक मारली आणि आपण ‘ओ’ दिली, की बोलणं तिथे संपत नाही. आता बोलण्याची पाळी हाक मारणाऱ्याची असते. तो गप्प राहिला तर आपण लगेच विचारतो, ‘अगं, हाक कशाला मारलीस?’ हाक मारणारा माणूस आपली ‘ओ’ ऐकायला तिथे उभा राहिलेला असतो.

नमस्काराचं तसं नसतं. जिन्यात भेटलेला शेजारी ‘नमस्कार’ म्हणतो, आपण ‘नमस्कार’ म्हणतो, दोघंही आपापल्या वाटेने जातात. जोडी पुरी झाली. कुणाचं काही राहिलं नाही.

रोजचं चित्र हे जिन्यातल्या नमस्कारासारखं असतं, आणि खरी हाक ही हाक. दोन्ही बाहेरून सारखी दिसतात, कारण दोन्हीची सुरुवात सारखीच असते. फरक पडतो तो तुमच्या उत्तरानंतरच्या पाळीत. तुम्ही ‘ओ’ दिल्यावर समोरचा तिथे उभा आहे का? बाण, वेळ, फुलं, अक्षरांच्या धुरकट कडा यांपेक्षा या एका गोष्टीवर माझा भरवसा जास्त आहे.

पण उत्तर द्यायच्या आधीच काही अंदाज बांधता येतो का?

येतो, थोडासा. चॅट उघडा, वरच्या नावावर टॅप करा आणि त्या माणसाने पाठवलेल्या फोटोंची जाळी बघा. ती नुसती वर-खाली सरकवली तरी वळण दिसतं: फुलं, सूर्य, वाफाळता कप, फुलं, सूर्य. त्या ओळीत आजचं चित्र चपखल बसत असेल तर ते सवयीचं. बसत नसेल, म्हणजे वेळ वेगळी असेल, चित्र वेगळ्या जातीचं असेल, किंवा खाली हाताने टाइप केलेली एखादी ओळ असेल, तर थांबा. त्यातही प्रश्न असेल, आणि त्याचं उत्तर पाठवणाऱ्याला खरोखरच माहीत नसेल, तर बहुधा कुणीतरी हाक मारतंय. ‘कशी आहेस?’ हे दोनशे जणांना चालतं. ‘गुडघा आता कसा आहे?’ हे एकालाच.

उत्तर काय द्यावं, म्हणजे कळेल?

‘गुड मॉर्निंग’ लिहू नका. जोडलेले हातही नकोत. ती दोन्ही उत्तरं जोडी पुरी करतात आणि दार लागतं. 2022 पासून मेसेजवर नुसता बदाम किंवा अंगठा चिकटवता येतो. तो तर याहूनही पक्का अडसर आहे, कारण त्यात तुम्ही नवा मेसेज पाठवलेलाच नसतो आणि समोरच्याला धरायला काही उरत नाही.

एक छोटी, अर्धी उघडी ओळ लिहा. ती इतकी हलकी असावी की समोरच्याला बोलायचं नसेल तर अवघडल्यासारखं होऊ नये. ‘आज उशिरा उठलात की काय?’ ‘हे चित्र कुठलं? तुम्ही काढलंत?’ ‘बरेच दिवसांत बोलणं नाही. काय म्हणता?’ यातली मधली मला सगळ्यात आवडते. फॉरवर्ड असेल तर ‘नाही गं, आलं होतं’ एवढं येतं आणि दोघी मोकळ्या. स्वतः काढलेलं असेल तर त्या फोटोमागची गोष्ट येते.

वेळही बघा. चित्र सहाला आलं आणि तुम्ही रात्री नऊला विचारलंत, तर हाक मारणारा कधीच आत गेलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांत दिलेलं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं.

माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून परत चित्रच आलं.

मग ती सवय आहे. राग नको. काही जणांना तुमची ओळ वाचायला सवड नसते, काहींना टाइप करण्याचा कंटाळा असतो. एकदा झालं तर सोडून द्या. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तसंच झालं, तर त्या माणसाच्या चित्रांना चित्रच समजा आणि बोलायचं असेल तेव्हा फोन लावा.

एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. वर ‘टाइप करत आहे’ असं बराच वेळ दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं आणि शेवटी नुसते जोडलेले हात आले, तर तिथे काहीतरी लिहून पुसलेलं असण्याची शक्यता आहे. शक्यताच म्हणते, कारण हळू टाइप करणाऱ्या माणसाचंही तसंच दिसतं. अशा वेळी मी आणखी एक ओळ पाठवते: ‘बोलायचं असेल तर आत्ता फोन करू का?’ याला ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच पुरतं, आणि तेवढं लिहायला कुणालाच जड जात नाही.

एखादा खराखुरा प्रसंग सांगाल का?

माझा स्वतःचा सांगते, यात मी चुकले होते.

आमच्या जुन्या ऑफिसातल्या एक वरिष्ठ बाई निवृत्त झाल्यापासून मला रोज सकाळी सव्वासहाच्या सुमारास चित्र पाठवायच्या. एक फूल, एक सुविचार, वर बाण. मी आठ वाजता जोडलेले हात पाठवायचे. वर्ष-सव्वा वर्ष हे असंच चाललं आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी चित्र आलं नाही. पावणेबाराला एक फोटो आला. त्यात एक खिडकी होती, पुढे गज, गजांपलीकडे दुसऱ्या इमारतीची पाण्याची टाकी. फोटो किंचित तिरका होता आणि खालच्या कोपऱ्यात बोटाची गुलाबी सावली आली होती. सुविचार नाही, बाण नाही, खाली एक अक्षर नाही. मी कामात होते. नेहमीच्या नावाकडून आलेलं नेहमीचंच असणार, असं धरून जोडलेले हात पाठवले.

बुधवारी काही नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी मला चुकचुकलं म्हणून तो फोटो पुन्हा उघडला, आणि मग लक्षात आलं की मी त्यांच्या घरी चार वेळा गेले आहे आणि त्यांच्या घराच्या एकाही खिडकीतून टाकी दिसत नाही.

फोन केला. त्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या, कायमच्या. मंगळवार हा तिथला पहिला दिवस. घरात दुपारपर्यंत कुणी नव्हतं. ‘कुणाला तरी दाखवावंसं वाटलं गं,’ म्हणाल्या. ‘तू हात जोडलेस, म्हटलं असेल गडबडीत.’

आता हिशोब करून बघा. वेळ वेगळी: सव्वासहाच्या जागी पावणेबारा. बाण नाही. तो नसण्याला फारसा अर्थ नाही हे वर सांगितलंच, पण ज्या माणसाच्या चित्रावर वर्षभर रोज बाण होता, तिच्या चित्रावर तो नसणं ही बातमी आहे. फोटो हाताने काढलेला, तोही वाईट. पुढे ढकलली जाणारी चित्रं एवढी वाईट नसतात. आणि शेवटी माझं उत्तर. ‘ही कुठली खिडकी?’ या तीन शब्दांत सगळं कळलं असतं. मी नेमकं तेच उत्तर दिलं ज्यावर पुढे बोलता येत नाही. त्या मात्र पलीकडे ‘ओ’ ऐकायला थांबल्या होत्या.

म्हणून मी आता चित्र कसं आहे यापेक्षा, या माणसाच्या नेहमीच्या चित्रापेक्षा ते कुठे वेगळं आहे, हे बघते. बाण, वेळ, सुविचार यांना एकेकट्याने काही किंमत नाही. ज्याचं त्याचं वळण आधी माहीत असलं तरच मोडलेलं वळण दिसतं.

रोज येणारं चित्र अचानक बंद झालं तर?

बहुतेक वेळा फोन बदललेला असतो, यादी करताना तुमचं नाव सुटलेलं असतं, किंवा घरच्यांनी ‘बाबा, पुरे आता’ म्हटलेलं असतं. ब्रॉडकास्टची आणखी एक अट आहे: तुमच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह असेल तरच ते तुम्हाला मिळतं. तुम्ही फोन बदलताना काही नंबर हरवले असतील, तर चित्रं थांबण्याचं कारण तुमच्याच हातात सापडेल. ते आधी तपासा.

एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाचं असेल तर मात्र दोन दिवसांपेक्षा जास्त वाट बघू नका. त्यांच्या बाबतीत ते चित्र म्हणजे रोजची हजेरी असते.

म्हणजे रोजची चित्रं निरर्थक नाहीत?

नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी 1923 मध्येच लिहून ठेवलंय की बरंचसं बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच, माणसं एकमेकांशी बांधलेली राहावीत म्हणून असतं. हवापाण्याच्या गप्पा त्यातल्याच. चित्रही त्यातलंच, फक्त त्यात उत्तराची वाट बघणं गळून गेलेलं असतं. म्हणून त्याला रोज उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही. चार दिवसांनी एकदा दिलंत तरी धागा तुटत नाही.

नुसतं ‘हाय’ आलं, चित्रबित्र काही नाही. हे तर खरंच असेल?

ओळखीच्या माणसाचं असेल तर बहुधा हाकच, पण अर्धवट मारलेली. पुष्कळ लोक ‘हाय’ म्हणून थांबतात, कारण आपण उत्तर दिल्याशिवाय कामाचं बोलणं त्यांना उद्धट वाटतं. ‘बोल’ एवढं लिहा, पुढचं आपोआप येईल. ते मदत मागायला असेल, उसने पैसे असतील, काहीही असेल. काम आहे म्हणून ती हाक खोटी ठरत नाही.

अनोळखी नंबरवरून ‘हाय, ओळखलंत का?’ किंवा ‘सॉरी, चुकून तुम्हाला आला’ असं गोड बोलणं आलं, तर सावध व्हा. हा फसवणुकीचा ठरलेला मार्ग आहे. माझी ‘उत्तरानंतर कोण थांबतं’ ही कसोटी इथे सपशेल फसते, कारण फसवणारा माणूस कुणाही मित्रापेक्षा जास्त चिकाटीने थांबतो, चौकशी करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. इथे उत्तरच देऊ नका. ओळखीचा असेल तर तो नाव सांगेल, आणि मग तुम्ही त्याच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा.

ग्रुपवर आलेलं चित्र?

ते ग्रुपसाठी. एवढंच. ज्याला तुमच्याशी बोलायचंय तो ग्रुपवरून बोलत नाही. फार तर तुमचं नाव घेऊन विचारतो, आणि ते दिसतंच.

मी स्वतः रोज चित्रं पाठवते. मला एखाद्या दिवशी खरंच बोलायचं असेल, तर समोरच्याला कळणार कसं?

त्या दिवशी चित्र पाठवू नका. तुमच्या चित्रांना लोकांची नजर सरावलेली असते आणि हाक त्या ओळीत हरवते. आमच्या बाईंचं तेच झालं.

नावाने सुरुवात करा, काय हवंय ते एका ओळीत सांगा, आणि कधी ते सांगा: ‘सुनंदा, जरा बोलायचं होतं. विशेष काही नाही. दुपारी फोन करू?’ ‘विशेष काही नाही’ हे मुद्दाम ठेवलंय. ते नसेल तर सुनंदा दुपारपर्यंत घाबरून बसेल.

टाइप करायला जमत नसेल तर दहा सेकंदांचा आवाज पाठवा. आपला आवाज ऐकून कुणी जोडलेले हात पाठवत नाही. आणि पाठवल्यावर लगेच फोन खाली ठेवून अंघोळीला जाऊ नका. ती ‘ओ’ देईल, तेव्हा पाळी तुमची असेल.